थायरॉइडची ‘हॉट’ गाठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायरॉइड वाढला म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ग्रेव्हज आजार येतो, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीला चिथावणे. पण पन्नाशी-साठीनंतर वजन उतरू लागलेल्या, छातीत धडधड घेऊन आलेल्या अनेकांच्या गळ्यात वेगळेच कारण सापडते. एक किंवा अनेक गाठी कोणाचेही न ऐकता हार्मोन बनवत बसलेल्या असतात. रक्ताचा रिपोर्ट दोन्हीकडे जवळपास सारखा दिसतो. उपचार मात्र सारखे नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो. खालचे प्रश्न ओपीडीत सतत येणारे आहेत.

रिपोर्टवर ‘हॉट नोड्यूल’ लिहिले आहे. कॅन्सर तर नाही ना?

जवळपास नक्कीच नाही. हॉट गाठ म्हणजे स्कॅनसाठी दिलेले औषध आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा जास्त शोषून घेणारी, म्हणजे काम करणारी गाठ. कॅन्सरच्या पेशी सहसा हे काम विसरलेल्या असतात, म्हणून त्यांची गाठ स्कॅनवर ‘कोल्ड’ दिसते. याचा अर्थ प्रत्येक कोल्ड गाठ कॅन्सरची असते असा नाही. बहुतेक कोल्ड गाठीही साध्याच निघतात. पण हॉट गाठीत कॅन्सर इतका क्वचित सापडतो की तिथे सुई टाकून तपासणी, म्हणजे एफएनएसी, सहसा करतच नाहीत.

करू नये याला आणखी एक कारण आहे. हॉट गाठीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गर्दी करून दिसतात आणि रिपोर्ट ‘फॉलिक्युलर निओप्लाझम, कॅन्सर नाकारता येत नाही’ असा येऊ शकतो. मग गरज नसताना ऑपरेशनची भाषा सुरू होते. म्हणून नियम असा: गाठ सापडली की आधी टीएसएच ही रक्ततपासणी करा. टीएसएच कमी असेल तर आधी स्कॅन, सुई नंतर, तीही लागलीच तर. दुर्दैवाने सोनोग्राफीत गाठ दिसली की त्याच दिवशी एफएनएसी उरकण्याची घाई आपल्याकडे फार आहे.

गाठ स्वतःच्या मर्जीने हार्मोन का बनवू लागते?

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडते. थायरॉइडच्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर टीएसएच बसण्याची जागा, म्हणजे रिसेप्टर, असतो. टीएसएच तिथे बसला की पेशी आयोडीन खेचते, हार्मोन बनवते आणि थोडी वाढतेही. रक्तात हार्मोन पुरेसा झाला की पिट्युटरी टीएसएच कमी करते.

एखाद्या पेशीत या रिसेप्टरच्या जनुकात बदल झाला की रिसेप्टर कायमचा ‘चालू’ राहतो. टीएसएच असो वा नसो, पेशीला आत हुकूम मिळतच राहतो. हे बदल पहिल्यांदा 1993 मध्ये दाखवले गेले. काही गाठींमध्ये दोष रिसेप्टरच्या एक पायरी खाली, जीएस-अल्फा नावाच्या प्रथिनात असतो; परिणाम तोच. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो, आयुष्यात कधीतरी त्या एकाच पेशीत घडलेला असतो. हुकूम फक्त हार्मोन बनवण्याचा नसतो, वाढण्याचाही असतो, म्हणून त्या एका पेशीची हळूहळू गाठ होते.

‘हळूहळू’ हा शब्द इथे महत्त्वाचा. गाठ लहान असते तेव्हा तिचा हार्मोन थोडा असतो आणि पिट्युटरी तेवढे काम बाकीच्या ग्रंथीकडून काढून घेते, हिशेब जुळतो. साधारण अडीच-तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली की मात्र एकटी गाठच शरीराला लागतो त्याहून जास्त हार्मोन देऊ लागते. अनेक गाठींच्या गलगंडात हेच वेगवेगळ्या कोपऱ्यांत, वेगवेगळ्या वेगाने चालते. पिढ्यानपिढ्या आहारात आयोडीन कमी असलेल्या भागांत असे गलगंड जास्त, कारण कमी आयोडीनवर ग्रंथी वर्षानुवर्षे जादा पेशी बनवत राहते आणि जितक्या पेशी विभागतात तितकी अशा बदलाची संधी वाढते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे हेन्री प्लमर यांनी 1913 मध्येच लिहिले होते की डोळे बाहेर येणारा गलगंड आणि गाठींचा विषारी, म्हणजे जादा हार्मोन सोडणारा, गलगंड हे दोन वेगळे आजार आहेत. तेव्हा ना टीएसएच मोजता येत होता, ना अँटीबॉडी. अजूनही काही डॉक्टर या आजाराला प्लमरचा आजार म्हणतात.

स्कॅनमध्ये गाठ उजळली, पण बाकीची ग्रंथी दिसतच नाही. ती खराब झाली का?

नाही. ती झोपली आहे. आणि हे नीट समजले तर पुढचे सगळे उपचार समजतात.

इमारतीच्या टाकीत महापालिकेचे पाणी बॉलकॉकमधून येते असे धरा. टाकी भरली की गोळा वर येतो आणि पाणी थांबते. आता कोणीतरी टँकरचा पाइप थेट टाकीत सोडून ठेवला, बॉलकॉकला वळसा घालून. टाकी ओसंडून वाहते, बॉलकॉक घट्ट बंद होतो, आणि महापालिकेच्या नळातून थेंबही येत नाही. नळ बिघडलेला नाही. त्याला यायचे कारण उरलेले नाही.

गाठ जादा हार्मोन सोडते, पिट्युटरी टीएसएच जवळपास शून्यावर आणते. निरोगी पेशी टीएसएचशिवाय आयोडीन खेचत नाहीत, म्हणून त्या स्कॅनवर अंधारात जातात. गाठीला टीएसएचची पर्वा नाही, म्हणून ती एकटीच उजळते. म्हणजे काळा दिसणारा भाग हा आजाराचा नव्हे, निरोगीपणाचा पुरावा आहे: तो अजूनही नियम पाळतो.

हे स्कॅन म्हणजे सोनोग्राफीच ना?

नाही. सोनोग्राफी आकार सांगते: गाठ किती मोठी, घट्ट की पाण्याची, कडा कशा. ती गाठ काम करते की नाही हे सोनोग्राफीला कळत नाही.

थायरॉइड स्कॅन न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होते. बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-99एम परटेक्नेटेट शिरेतून देतात. थायरॉइडच्या पेशींना ते आयोडीनसारखेच वाटते. आयोडीन आत ओढणारा पेशीतला पंप तेही आत ओढतो. साधारण 20 मिनिटांनी गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवून चित्र घेतात. या औषधाची किरणोत्सर्गी ताकद दर 6 तासांनी निम्मी होते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत नगण्य उरते. ‘हॉट’ या शब्दाने घाबरून काही जण गळ्याला बर्फ लावतात, पण तिथे तापमानाचा काहीच संबंध नाही.

चित्रांचे ढोबळ प्रकार असे. एकच ठिपका ठळक आणि बाकी अंधार: एकटी स्वायत्त गाठ. काही भाग ठळक, काही फिके, काही रिकामे, एखादे ठिगळकाम वाटावे असे: अनेक गाठींचा विषारी गलगंड. दोन्ही बाजू सारख्याच आणि भरपूर भरलेल्या: ग्रेव्हज. आणि हार्मोन जास्त असूनही सगळीच ग्रंथी रिकामी: बहुतेक वेळा थायरॉइडायटिस, म्हणजे सुजेमुळे साठलेला हार्मोन रक्तात गळतो आहे, नवीन बनत नाही. या शेवटच्या प्रकारात थायरॉइड कमी करणाऱ्या गोळ्या द्यायच्याच नसतात, म्हणूनही स्कॅनला मोल आहे.

स्कॅन फसवू शकतो का?

हो, आणि सर्वांत जास्त फसवतो तो आयोडीनमुळे. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कॉन्ट्रास्ट घालून सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी झाली असेल तर ग्रंथी आयोडीनने भरलेली असते आणि स्कॅनचे औषध ती घेतच नाही. चित्र रिकामे येते, थायरॉइडायटिसचा शिक्का बसतो, खरी गाठ लपते. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडॅरोनही हेच करते, आणि त्याचा परिणाम कित्येक महिने राहतो. म्हणून स्कॅनआधी हे सगळे तंत्रज्ञाला सांगायचे, विचारले नाही तरी.

दुसरी चूक आकाराची. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ कॅमेऱ्याला वेगळी दिसत नाही. आणि टीएसएच नॉर्मल असताना केलेल्या स्कॅनमध्ये कोल्ड गाठीच्या पुढे-मागे असलेली निरोगी ग्रंथी चमकते आणि गाठ ‘वॉर्म’ भासते. टीएसएच दबलेला नसेल तर हे स्कॅन फारसे काही सांगत नाही, असे माझे मत आहे. तिथे सोनोग्राफी आणि गरज असल्यास एफएनएसी हाच रस्ता.

तिसरी विरळ, पण गमतीची. काही लोकांना जन्मतःच थायरॉइडची एक बाजू नसते. स्कॅनवर एक बाजू उजळ, दुसरी गायब, आणि वाटते हॉट गाठ आहे. सोनोग्राफी सोबत पाहिली की दोन मिनिटांत उलगडा होतो.

मला ग्रेव्हज नाही हे कशावरून ठरवले?

ग्रेव्हजमध्ये शरीर टीएसएचच्या रिसेप्टरवर जाऊन बसणाऱ्या अँटीबॉडी बनवते. त्या पूर्ण ग्रंथीतल्या सगळ्या पेशींना एकदमच चिथावतात, म्हणून ग्रंथी दोन्हीकडे सारखी फुगते. रक्तात ‘ट्रॅब’ नावाची तपासणी या अँटीबॉडी मोजते. गाठींच्या आजारात ती निगेटिव्ह येते. अँटीबॉडी डोळ्यांमागच्या ऊतींवरही परिणाम करतात, म्हणून डोळे बाहेर येणे, दुहेरी दिसणे, डोळे लाल होऊन खुपणे हे ग्रेव्हजचे लक्षण. गाठीच्या रुग्णाचे डोळे थोडे टवकारल्यासारखे दिसू शकतात, कारण जादा हार्मोनमुळे वरची पापणी ओढली जाते, पण डोळा खरोखर पुढे आलेला नसतो.

एक सूचना, जी प्रयोगशाळा क्वचितच देतात. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी, थायरॉइडचे हार्मोन टी-3 आणि टी-4 खोटे जास्त आणि ट्रॅबसुद्धा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे निव्वळ गोळीने हुबेहूब ग्रेव्हजचा रिपोर्ट तयार होतो. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस ती बंद ठेवा.

दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. ग्रेव्हजच्या ग्रंथीत वेगळी कोल्ड गाठ दिसली तर तिची नेहमीसारखी चौकशी करायची, ग्रेव्हज आहे म्हणून सोडून द्यायची नाही.

एखादे उदाहरण सांगाल का?

समजावण्यासाठी रचलेले, पण रोजच्या ओपीडीतले वाटावे असे सांगतो. 61 वर्षांच्या एक बाई. चार महिन्यांत पाच किलो वजन उतरले, जेवण मात्र पूर्वीसारखेच. जिना चढताना धडधड, रात्री झोप तुटक. घरच्यांना वाटले शुगर असेल. टीएसएच 0.01 पेक्षा कमी आला. फ्री टी-4 नॉर्मलच्या वरच्या काठावर, पण फ्री टी-3 स्पष्ट वाढलेला. हे गाठीत बऱ्याचदा दिसते: आधी टी-3 वाढतो, टी-4 मागून. नुसता टीएसएच आणि टी-4 पाहून ‘सौम्य आहे’ म्हणून घरी पाठवले तर इथे चूक होते.

सोनोग्राफीत उजव्या बाजूला 3.4 सेंटिमीटरची गाठ, अर्धी घट्ट, अर्धी पाण्याची. ट्रॅब निगेटिव्ह. स्कॅनवर उजवीकडे एक तेजस्वी गोळा, डावी बाजू जेमतेम सावलीसारखी. ईसीजीत ठोके जलद पण नियमित. निदान पूर्ण. एफएनएसी केली नाही.

त्यांना प्रोप्रॅनोलॉल धडधडीसाठी आणि हार्मोन कमी करणारे कार्बिमॅझोल 10 मिलिग्रॅम रोज सुरू केले. सहा आठवड्यांनी टी-3 नॉर्मल, वजन स्थिर, टीएसएच अजून 0.01 खालीच. त्या म्हणाल्या, “आता बरं वाटतंय, याच गोळ्या चालू ठेवू ना?” हा पुढचा प्रश्न.

गोळ्यांनीच का नाही बरे होणार? शेजारच्या वहिनी दीड वर्षात गोळ्या बंद करून ठीक आहेत.

वहिनींना बहुधा ग्रेव्हज असेल. ग्रेव्हजमध्ये अँटीबॉडी काळानुसार ओसरू शकतात. 12 ते 18 महिने कार्बिमॅझोल दिल्यावर ती थांबवून पाहतात, आणि बऱ्याच जणांचा आजार खरोखर शांत झालेला असतो. बऱ्याच जणांचा परतही येतो, पण थांबवून पाहण्यात अर्थ असतो, कारण मूळ कारण निघून जाऊ शकते.

गाठीत कारण जनुकातला बदल आहे. कार्बिमॅझोल पेशीला हार्मोन बनवू देत नाही, एवढेच. गोळी थांबली की काही आठवड्यांत तीच गाठ तेवढाच हार्मोन बनवू लागते. इथे ‘कोर्स पूर्ण’ नावाची गोष्ट नाही. काढे आणि गुग्गुळ यांचेही तेच. त्यात समुद्री शेवाळ असेल तर आयोडीनमुळे उलट भडका उडू शकतो.

म्हणून गोळ्या दोन कामांसाठी: कायमच्या उपचारापर्यंत शरीर स्थिर करायला, आणि ज्यांना वय किंवा इतर आजारांमुळे कायमचा उपचार झेपणार नाही त्यांना कमी डोसवर आयुष्यभर सांभाळायला. दुसरा मार्गही चुकीचा नाही. ऐंशीच्या आजोबांना 5 मिलिग्रॅमवर वर्षानुवर्षे चांगले ठेवता येते. कोणालाही ही गोळी दिली की एक वाक्य कानात घातलेच पाहिजे: ताप आला आणि घसा जोरात दुखला तर गोळी लगेच थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी करा. क्वचित कोणाच्या पांढऱ्या पेशी अचानक पडतात, आणि तिथे वाट पाहणे जिवावर बेतते.

मग रेडिओआयोडीन? त्यात पूर्ण थायरॉइड जळून जातो ना?

ग्रेव्हजमध्ये बहुधा तसे होते, आणि डॉक्टरही तेच धरून चालतात: पूर्ण ग्रंथी आयोडीन खेचते, म्हणून पूर्ण ग्रंथी मरते आणि नंतर रोज थायरॉक्सिनची गोळी.

गाठीत गोष्ट वेगळी. आयोडीन-131 तोंडाने देतात, कॅप्सूल किंवा पाण्यासारखे द्रव. भारतात ते ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतूनही तयार होते. ते तिथेच जाते जिथे आयोडीन खेचले जाते, म्हणजे गाठीत. झोपलेल्या निरोगी भागात फार थोडे पोचते. गाठ मेली की हार्मोन उतरतो, पिट्युटरी टीएसएच पुन्हा सोडते आणि तो काळा भाग जागा होऊन काम हाती घेतो. एकट्या गाठीसाठी सहसा 10 ते 20 मिलीक्युरी देतात. अनेक गाठींच्या मोठ्या गलगंडात ग्रंथी आयोडीन कमी खेचते, म्हणून डोस जास्त लागू शकतो, आणि पाचातल्या एखाद्याला दुसऱ्यांदाही द्यावा लागतो.

आता तो भाग, जो चुकतो तेव्हा रुग्णाला आयुष्यभराची गोळी लागते. उपचाराच्या वेळी टीएसएच दबलेलाच हवा. वरच्या बाईंना सहा आठवड्यांऐवजी आठ महिने कार्बिमॅझोल दिले असते, डोस जरा जास्त झाला असता आणि टीएसएच 4 वर गेला असता, तर डावी निरोगी बाजू जागी झाली असती. त्या अवस्थेत रेडिओआयोडीन दिले तर तीही खेचते आणि तीही मरते. रिपोर्ट ‘छान नॉर्मल’ दिसत असताना उपचार बिघडतो. असे झालेच असेल तर कार्बिमॅझोल कमी करून किंवा थांबवून टीएसएच पुन्हा खाली येईपर्यंत थांबायचे. म्हणून ‘डोसच्या आधी टीएसएच किती आहे?’ हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारायला हरकत नाही.

त्या बाईंचे कार्बिमॅझोल पाच दिवस आधी थांबवले, 15 मिलीक्युरी दिले, प्रोप्रॅनोलॉल चालू ठेवले. तीन महिन्यांनी टी-3, टी-4 नॉर्मल, टीएसएच 0.3. सहा महिन्यांनी 2.1, गोळी एकही नाही. वर्षाने गाठ 2.8 सेंटिमीटर. त्या नाराज होत्या: “फक्त इतकीच कमी झाली?” पण गोळ्याची लांबी इतकी घटली तर घनफळ चाळीस टक्क्यांहून जास्त घटते, आणि मुख्य म्हणजे उरलेली गाठ आता काम करत नाही.

तरी हे कायमचे ठीक असेल असे गृहीत धरू नये. पहिल्या वर्षी थोड्याच जणांचा थायरॉइड कमी पडतो, पण वीस वर्षांत निम्म्याहून अधिक जणांचा पडतो. वर्षातून एकदा टीएसएच, कायम.

डोळ्यांवर परिणाम होतो म्हणून काही डॉक्टर रेडिओआयोडीन टाळतात असे ऐकले.

तो ग्रेव्हजचा प्रश्न आहे. तिथे रेडिओआयोडीननंतर डोळ्यांचा आजार बळावू शकतो, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांत, म्हणून स्टेरॉइड देतात किंवा दुसरा मार्ग निवडतात. गाठीच्या रुग्णाला डोळ्यांचा आजारच नसतो, त्यामुळे ही काळजी इथे लागू नाही.

ऑपरेशन कधी बरे?

गाठ खूप मोठी असेल, गिळायला किंवा श्वासाला अडथळा येत असेल, गलगंड छातीच्या हाडामागे उतरला असेल, सोबत संशयास्पद कोल्ड गाठ असेल, लवकर गर्भधारणा हवी असेल, किंवा हार्मोन काही दिवसांतच खाली यायला हवा असेल तेव्हा. एकट्या गाठीत फक्त ती बाजू काढतात. दुसरी बाजू जागी होते आणि बहुतेकांना नंतर गोळी लागत नाही. अनेक गाठींत मात्र जवळपास पूर्ण ग्रंथी काढावी लागते, नाहीतर उरलेल्या तुकड्यातून तेच पुन्हा उगवते. तिथे थायरॉक्सिन आयुष्यभर.

ऑपरेशनआधी गोळ्यांनी हार्मोन नॉर्मलवर आणलाच पाहिजे. ग्रेव्हजमध्ये शस्त्रक्रियेआधी काही दिवस लुगोलचे आयोडीन थेंब देतात, त्याने ग्रंथीचा रक्तपुरवठा कमी होतो. गाठींच्या आजारात हेच थेंब देऊ नयेत, कारण गाठीला तो कच्चा माल मिळतो. जुन्या प्रथेने दोन्हीकडे थेंब लिहून दिलेले दिसले तर सर्जनशी बोला.

लहान, एकट्या गाठीला सुईने आतून तापवून जाळण्याची पद्धत, रेडिओफ्रीक्वेन्सी अॅब्लेशन, आता मोठ्या शहरांत मिळते. किरणोत्सर्ग नाही, चिरा नाही. पण गाठ मोठी असेल तर कडेचा जिवंत उरलेला पट्टा पुन्हा हार्मोन बनवू लागतो. लहान गाठीत चांगली, मोठ्या गाठीत अपुरी, असे माझे मत.

टीएसएच कमी, पण टी-3 आणि टी-4 नॉर्मल. उपचार हवा का?

वय आणि आकडा दोन्ही पाहून. पासष्टीच्या पुढे टीएसएच 0.1 च्या खाली टिकून असेल तर हो, कारण या वयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. रजोनिवृत्तीनंतर हाडेही झिजतात. चाळिशीतल्या धडधाकट माणसाचा टीएसएच 0.2 असेल तर तीन-सहा महिन्यांनी पुन्हा तपासत राहणे पुरे. ग्रेव्हजचा सौम्य प्रकार कधी आपोआप मावळतो. हॉट गाठीच्या बाबतीत त्या आशेवर बसू नये.

आयोडीनयुक्त मीठ बंद करू का?

नको. रोजच्या मिठातल्या आयोडीनने फार फरक पडत नाही आणि घरातल्या बाकीच्यांना, विशेषतः मुलांना आणि गरोदर बाईला, ते हवेच. धोका अचानक आलेल्या मोठ्या मात्रेचा. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात 1966 मध्ये पावात आयोडीन घालायला सुरुवात झाली तेव्हा थायरॉइड वाढलेल्या रुग्णांची संख्या चढली, आणि त्यात वयस्कर, जुन्या गाठी असलेले लोक जास्त होते. त्यांच्या गाठी आधीपासून स्वायत्त होत्या, फक्त कच्चा माल मिळत नव्हता.

आज ही मोठी मात्रा सीटीच्या कॉन्ट्रास्टमधून येते. एका इंजेक्शनमधले आयोडीन रोजच्या गरजेच्या कित्येक पटींनी जास्त असते. जुना गलगंड असलेल्या आजींच्या पोटाचे सीटी झाले आणि काही आठवड्यांनी त्यांना धडधड, धाप, वजन घटणे सुरू झाले तर कोणी दोन्हींचा संबंध जोडत नाही. सीटी टाळा असे नाही. गरज असेल तर करायचेच. फक्त आधी टीएसएच पाहून ठेवा आणि नंतर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा पाहा. केल्प किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्यांना मात्र काहीच निमित्त नाही.

गर्भधारणेचा विचार आहे. काय करावे?

शक्य असेल तर आधी गाठीचा कायमचा निकाल लावा. रेडिओआयोडीन गरोदरपणात आणि स्तनपान चालू असताना पूर्ण वर्ज्य आहे, आणि घेतल्यावर बाईने किमान सहा महिने गर्भधारणा टाळायची असते. ही थांबण्याची मुदत नको असेल तर ऑपरेशन.

गरोदरपणातच निदान झाले तर एक बारीक पण मोठा फरक लक्षात ठेवा. ग्रेव्हजच्या आईच्या अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे जातात आणि बाळाच्या थायरॉइडलाही चिथावतात; आईचे कार्बिमॅझोलही जाते आणि त्याला थोपवते. गाठीच्या आईकडून अँटीबॉडी जात नाहीत, औषध मात्र जाते. म्हणजे बाळाच्या थायरॉइडवर फक्त ब्रेक. म्हणून इथे डोस शक्य तितका कमी ठेवतात आणि बाळाच्या गळ्याची सोनोग्राफी अधूनमधून पाहतात. मोठा डोस लागतच असेल तर चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या टप्प्यात ऑपरेशनचा विचार होतो.

रेडिओआयोडीन घेतल्यावर घरी काय पाळायचे?

नेमके दिवस डोसवर ठरतात आणि केंद्र ते लिहून देते. साधारणपणे काही दिवस वेगळ्या बिछान्यावर झोपायचे, लहान मुले आणि गरोदर बाईपासून दूर राहायचे, नातवाला मांडीवर घ्यायचे नाही. पाणी भरपूर प्यायचे, संडास वापरल्यावर दोनदा फ्लश करायचे. वेगळी भांडी धुऊन पुन्हा वापरता येतात, फेकायची गरज नाही.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत धडधड वाढली तर घाबरू नका, पण कळवा. मरणाऱ्या गाठीतून साठलेला हार्मोन बाहेर येतो. हृदयविकार असलेल्यांना यासाठीच आधीपासून प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू ठेवतात आणि गरज पडल्यास काही दिवसांनी कार्बिमॅझोल परत सुरू करतात. पहिली रक्ततपासणी चार ते सहा आठवड्यांनी. तेव्हा टीएसएच अजून कमीच असेल तर उपचार फसला असे समजू नका. दीर्घकाळ दबलेली पिट्युटरी जागी व्हायला कधी महिने घेते. त्या काळात टी-3 आणि टी-4 कुठे आहेत ते पाहायचे. सहा महिन्यांनंतरही टी-3 वर असेल तरच दुसऱ्या डोसची चर्चा करायची.